एका खुर्चीच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट कशा लावायच्या: स्लॉट, बफर आणि कामांचा क्रम

दातांच्या दवाखान्यात वेळ पाळणं फिजिशियनच्या ओपीडीपेक्षा अवघड असतं. ताप-खोकल्याचा पेशंट पाच मिनिटांनी जातो किंवा दहा मिनिटांनी, फरक पाचच मिनिटांचा. दातांकडे मात्र एकाचे टाके काढायला आठ मिनिटं लागतात, तर दुसऱ्याची आडवी अक्कलदाढ दीड तास निघत नाही. तरीही अनेक ठिकाणी डायरीत सरसकट अर्ध्या अर्ध्या तासाच्या रेघा मारलेल्या असतात. परिणाम ठरलेला: साडेअकरापर्यंत बाहेर पाच माणसं ताटकळलेली आणि संध्याकाळी सात ते साडेसात खुर्ची रिकामी.

हा लेख अशाच एका छोट्या दंत दवाखान्यासाठी आहे. एक डॉक्टर, एक खुर्ची, एक असिस्टंट, फोन घेणारी एक व्यक्ती. सकाळी १० ते २, संध्याकाळी साडेपाच ते ९. फिजिओथेरपी, त्वचारोग किंवा डोळ्यांच्या छोट्या दवाखान्यातही मूळ पद्धत हीच चालते, फक्त कामांची यादी बदलते.

आधी दोन आठवडे घड्याळ बघा

रूट कॅनालच्या, म्हणजे आरसीटीच्या, पहिल्या सिटिंगला किती वेळ लागतो असं डॉक्टरला विचारलं तर "पाऊण तास" असं उत्तर येतं. तो पाऊण तास दाढ बधीर झाल्यापासून औषध भरेपर्यंतचा असतो. इंजेक्शन देऊन थांबण्याची मिनिटं, मध्येच काढलेला एक्स-रे आणि पेशंट उठल्यावर खुर्ची पुसायला लागलेला वेळ त्यात धरलेला नसतो. म्हणून विचारू नका, मोजा.

मोजायच्या वेळा दोनच. पहिली, पेशंट खुर्चीत बसला ती. दुसरी, पुढच्या पेशंटसाठी खुर्ची तयार झाली ती. पेशंट खुर्चीतून उठला ती वेळ इथे कामाची नाही. तो उठल्यावर ट्रे उचलायचा असतो, हँडपीस काढायचा असतो, पाण्याच्या नळ्या वीस-तीस सेकंद सोडून धुवायच्या असतात, हेडरेस्टचं कव्हर बदलायचं असतं. जंतुनाशक फवारल्यावर ते पृष्ठभागावर किती वेळ ओलं राहिलं पाहिजे हे बाटलीवर छापलेलं असतं, आणि फवारलं की लगेच फडकं मारलं तर त्याचा उपयोग होत नाही. ही सगळी पाच ते आठ मिनिटं त्या पेशंटच्याच खात्यात जातात. त्यांना बफर म्हणायचं नाही, कारण ती दर वेळी लागतातच.

नोंद वहीत ठेवली तरी चालते. गूगल शीटमध्ये ठेवायची तर A मध्ये तारीख, B मध्ये काम, C मध्ये दिलेली वेळ, D मध्ये खुर्चीत बसल्याची वेळ, E मध्ये खुर्ची तयार झाल्याची वेळ आणि F मध्ये मिनिटं घ्या. F चा फॉरमॅट साध्या आकड्याचा ठेवा.

```
F2:      =(E2-D2)*1440
सरासरी:  =AVERAGEIF(B2:B300,"आरसीटी-1",F2:F300)
आठवा:    =PERCENTILE(FILTER(F2:F300,B2:B300="आरसीटी-1"),0.8)
```

सरासरी सगळ्यांना माहीत असते. तिसऱ्या ओळीतला आकडा सांगतो की दहापैकी आठ वेळा काम किती मिनिटांच्या आत उरकलं. शीट नसेल तर एका कामाच्या दहा नोंदी कमीपासून जास्तीकडे लावा आणि आठवी घ्या. उत्तर एखाद-दुसऱ्या मिनिटाने वेगळं येईल, पण निर्णयाला पुरेसं आहे. या आकड्याला पुढे मी "आठवा" म्हणतो. आठवा वजा सरासरी म्हणजे त्या कामाची "लांबण". काम बिघडलं तर साधारण किती लांबतं, ते ती सांगते.

उदाहरणासाठी असे आकडे धरू. ते कुठल्या पाहणीतले नाहीत. तुमचे वेगळे येतील, यायलाच हवेत.

| काम | सरासरी | आठवा | लांबण | स्लॉट |
|---|---|---|---|---|
| टाके काढणे, फेरतपासणी | ८ | ११ | ३ | १० |
| नवीन तपासणी | १७ | २२ | ५ | २० |
| कॅप बसवणे | १९ | २८ | ९ | २० |
| साधा दात काढणे | २८ | ४१ | १३ | ३० |
| फिलिंग | ३३ | ४१ | ८ | ४० |
| स्केलिंग | ३६ | ४२ | ६ | ४० |
| आरसीटी, पुढची सिटिंग | ३८ | ४६ | ८ | ४० |
| आरसीटी, पहिली सिटिंग | ५८ | ७२ | १४ | ६० |
| अक्कलदाढ | ६२ | ८८ | २६ | ७० |

स्लॉट ठरवताना सरासरी वरच्या दहाच्या पटीत नेली आहे. डायरीची रेघ दहा मिनिटांचीच ठेवा. पाचाची ठेवली तर फोनवर वेळ सांगताना गोंधळ होतो. पंधराची ठेवली तर टाके काढायलाही पंधरा मिनिटं जातात, आणि दिवसाकाठी अशी बरीच मिनिटं वाया जातात.

तक्त्यात लांबणीचा रकाना नीट बघा. स्केलिंग आणि फिलिंग दोन्ही चाळीस मिनिटांची कामं, पण बेभरवशाची नाहीत. उलट साधा दात काढणं तीस मिनिटांचं, आणि दर दहातल्या दोघांना चाळिसाच्या वर नेतं, कारण मूळ तुटलं की ते शोधून काढावं लागतं. आरसीटीच्या पहिल्या सिटिंगला लांबण येते ती बहुतेक खालच्या दाढेत. नस सुजलेली असली की पहिल्या इंजेक्शनने दाढ पुरती बधीर होत नाही. मग दुसरं द्यायचं आणि पुन्हा थांबायचं. काम किती लांब आहे यापेक्षा ते किती हेलकावे खातं, हे वेळापत्रकासाठी जास्त महत्त्वाचं असतं.

स्लॉटची लांबी फोनवर ठरत नाही

फोनवर कुणी म्हणतं, "मॅडम, दाढ काढायचीय, उद्या येऊ का?" ही दाढ हलणारी, दहा मिनिटांत निघणारी असेल, किंवा हाडात अडकलेली अक्कलदाढ असेल. फोन घेणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही, पेशंटलाही नाही. म्हणून नियम एकच: डॉक्टरने न बघितलेल्या तोंडाला फोनवर वीस मिनिटांची तपासणीच द्यायची, कामाचा स्लॉट नाही. पेशंट कुरकुरतात, दोन फेऱ्या होतात म्हणतात. लांबून येणाऱ्या माणसाला तपासणी आणि काम लागून द्यायचं असेल तर सत्राच्या शेवटी द्या. काम निघालंच नाही तर खुर्ची मधल्या वेळी रिकामी राहत नाही.

जुन्या पेशंटच्या बाबतीत लांबी डॉक्टरने ठरवायची, आणि तीही पेशंट खुर्चीत असतानाच. केसपेपरच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायची: "पुढे: आरसीटी-2, 40, ५ ते ७ दिवस". म्हणजे काम, मिनिटं आणि किती दिवसांनी. बाहेर बसलेल्या व्यक्तीला मग "किती वेळ लागेल?" असं दार ढकलून विचारावं लागत नाही. दवाखान्यात बाकी काही बदलायचं नसेल तरी एवढं करा. गोंधळाचा मोठा भाग इथेच मिटतो.

त्याच ओळीत पेशंटबद्दलची खूण हवी. तोंड कमी उघडतं, उलटीसारखं होतं, घाबरतो, लहान मूल आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. अशा माणसाला तक्त्यातल्या स्लॉटवर दहा मिनिटं वाढवून द्यायची. सगळ्यांना वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

कॅपची गोष्ट वेगळी आहे. लॅबवाल्याने "बुधवारी देतो" म्हटलं म्हणून गुरुवारची वेळ देऊन ठेवू नका. कॅप दवाखान्यात आली, डॉक्टरने मॉडेलवर बसवून बघितली, की मगच पेशंटला फोन. कॅप आली नाही म्हणून परत गेलेला पेशंट लॅबला नाही, तुम्हालाच बोलतो.

बफर वाटून टाकायचा नाही

इथे बहुतेक जण घसरतात. प्रत्येक पेशंटनंतर पाच किंवा दहा मिनिटं मोकळी सोडली की झालं, असं वाटतं. ऑनलाइन बुकिंगची साधनंही तसंच करतात: बफर १० मिनिटं टाकलं की प्रत्येक अपॉइंटमेंटनंतर दहा मिनिटं लागतात, मग आधी टाके काढलेले असोत की अक्कलदाढ.

यात नुकसान असं होतं. टाके आठ मिनिटांत निघाले, पुढची दहा मिनिटं मोकळी. पुढचा पेशंट अजून घरून निघालेला नाही, त्यामुळे ती मिनिटं कुणालाच मिळत नाहीत. नंतर दात काढताना मूळ तुटलं आणि पंचवीस मिनिटं जादा गेली, तर तिथल्या दहा मिनिटांनी काही होत नाही. मोकळी गेलेली मिनिटं मागे वळून वापरता येत नाहीत, म्हणून बफर लांबणाऱ्या कामांच्या मागे, एका जागी हवा.

किती हवा, यालाही हिशेब आहे. समजा चार कामं लागोपाठ आहेत आणि प्रत्येकाची लांबण १० मिनिटं. प्रत्येकाला वेगळं संरक्षण द्यायचं तर ४० मिनिटं लागतील. पण चारही कामं एकाच दिवशी लांबणं दुर्मीळ असतं. एक लांबतं, दुसरं लवकर संपतं. म्हणून लांबणींची बेरीज न करता त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: १००+१००+१००+१०० म्हणजे ४००, वर्गमूळ २०. निम्म्या वेळात तेवढाच भरवसा मिळतो.

```
=SQRT(SUMSQ(G2:G5))
```

G मध्ये त्या गटातल्या कामांची लांबण. आलेला आकडा दहाच्या पटीत घ्या.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक, गटाच्या मधल्या पेशंटला थोडं थांबावं लागेलच. बफर शेवटी आहे, तो पुढच्या गटाला वाचवतो. म्हणून गट तीन-चार कामांपेक्षा मोठा करू नका. दोन, हा हिशेब कामं एकमेकांवर अवलंबून नसतात तेव्हाच खरा. डॉक्टरच दहाऐवजी सव्वादहाला आले तर सगळी कामं एकाच दिशेने सरकतात आणि कुठलंही वर्गमूळ उपयोगी पडत नाही. वेळापत्रकाची तक्रार करणाऱ्या किती तरी दवाखान्यांत खरी अडचण ही पहिली पंधरा मिनिटंच असते. ती सांगायची हिंमत रिसेप्शनवर कुणाला नसते, म्हणून इथे लिहिली.

डायरीत बफर लाल पेनने भरा. कॅलेंडरमध्ये "बफर" नावाची नोंद टाकून ती जागा व्यस्त दाखवा. कोरी ठेवलेली जागा टिकत नाही. "दोनच मिनिटांचं काम आहे" म्हणत तिथे कुणाला तरी बसवलं जातंच.

दुखणाऱ्या दाताची जागा

दाढेचं ठणकणं रात्री वाढतं. त्यामुळे सकाळी दवाखाना उघडताच पहिला फोन किंवा पहिला माणूस दारात असतो, गाल धरून. त्याला "पुढच्या मंगळवारी या" म्हणता येत नाही, आणि मध्येच घुसवलं तर बाकीचं वेळापत्रक कोसळतं. म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळी एक, वीस वीस मिनिटांची "दुखण्याची जागा" आधीच राखून ठेवायची.

त्या वीस मिनिटांत दुखणं थांबवायचं, पूर्ण उपचार नाही. बधीर करून दाढ उघडायची, नसेवरचा दाब कमी करायचा, औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावायचं, गोळ्या लिहायच्या आणि आरसीटीची पुढची वेळ द्यायची. फोनवर हे आधीच सांगा: "आज दुखणं थांबवू, पुढचं काम नंतर." नाहीतर पेशंट "आलोच आहे तर सगळं करून टाका" म्हणतो, आणि डॉक्टरला नाही म्हणणं जड जातं.

ही जागा बफरच्या लगेच नंतर ठेवा, आधी नाही. बफर शिल्लक असेल तर दुखणाऱ्याला लवकर घेता येतं. दुपारी साडेअकरापर्यंत कुणाचाच फोन आला नाही तर ती जागा फेरतपासणीला द्या किंवा तशीच सोडा. आदल्या दिवशी मात्र कुणालाही देऊ नका.

एक सकाळ मांडून बघू

बुधवार. आजची कामं सहा: टाके काढणं, मधुमेह असलेल्या आजींचा दात, एक आरसीटी पहिली सिटिंग, एक कॅप (लॅबमधून आलेली), एक अक्कलदाढ आणि दुखण्याची राखीव जागा. सगळं मिळून १०+३०+६०+२०+७०+२०, म्हणजे २१० मिनिटं. हाती २४० आहेत, म्हणजे बफरला ३०.

क्रमाचा पहिला नियम: बेभरवशाचं काम जितकं उशिरा ठेवाल तितके कमी लोक त्याच्या मागे अडकतील. अक्कलदाढ दहाला ठेवली आणि वीस मिनिटं लांबली तर मागचे सगळे वीस मिनिटं थांबतात. ती सकाळच्या शेवटी ठेवली तर फक्त डॉक्टरांचं जेवण लांबतं. संध्याकाळच्या शेवटी का नाही? कारण नंतर रक्त थांबलं नाही तर रात्री साडेनऊला दवाखाना बंद असतो. काढून झाल्यावर पेशंटला कापूस दाबून बाहेर थोडा वेळ बसवायचं असतं, तेही दुपारी निवांत जमतं.

दुसरा नियम याला छेद देतो. आजींचा दात लांबण असलेलं काम आहे, पण त्यांना एकची वेळ देता येत नाही. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवणाची वेळ टळली तर साखर उतरते, आणि दात काढल्यावर तोंड बधीर असताना लगेच जेवताही येत नाही. मधुमेहींना नाश्ता आणि औषधं झाल्यावर, सकाळी लवकर. वेळापत्रकाच्या सोयीपेक्षा हे वर.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५२ साली इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या रांगांचा अभ्यास मांडला. पहिल्या वेळेला दोन पेशंट बोलवावेत आणि पुढे एकेक, म्हणजे पहिला आला नाही तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत, असा त्यातून निघालेला नियम आजही बेली-वेल्च नियम म्हणून ओळखला जातो. एका खुर्चीच्या दंत दवाखान्यात दोन मोठी कामं एकाच वेळी बोलावणं क्रूरपणाचं होईल, पण पहिलं काम दहा मिनिटांचं ठेवून दुसऱ्याला "दहाच्या सुमारास येऊन बसा" सांगणं जमतं. टाकेवाला पोचला नाही तर आजी आत. एरवीही आजींचं बीपी आणि साखर बघायला ती दहा मिनिटं लागतातच.

असं होतं वेळापत्रक:

| वेळ | काम |
|---|---|
| १०:०० | टाके काढणे |
| १०:१० | आजींचा दात |
| १०:४० | आरसीटी पहिली |
| ११:४० | बफर |
| १२:०० | दुखण्याची जागा |
| १२:२० | कॅप |
| १२:४० | अक्कलदाढ |
| १:५० | बफर, मग जेवण |

पहिल्या गटाची लांबण ३, १३ आणि १४. वर्गांची बेरीज ३७४, वर्गमूळ १९ च्या वर. म्हणून ११:४० ला २० मिनिटं. दुसऱ्या गटात दुखण्याच्या जागेला नवीन तपासणीइतकी ५, कॅपची ९, अक्कलदाढेची २६. वर्गमूळ २८ येतं. जागा दहाच मिनिटांची आहे, उरलेली अठरा जेवणातून जाऊ शकतात. मागे कुणी पेशंट नाही, त्यामुळे हे चालतं.

आता दिवस नेहमीसारखा बिघडला असं समजू. टाकेवाला १०:०५ ला आला, खुर्ची १०:१३ ला तयार. आजींच्या दाढेचं एक मूळ तुटलं, ४५ मिनिटं गेली, १०:५८ झाले. अठरा मिनिटं उशीर. आरसीटीवाला अठरा मिनिटं थांबला. त्याला १०:४५ लाच बाहेर येऊन "पंधरा-वीस मिनिटं लागतील, चहा पिऊन या" असं सांगितलं. त्याचं काम ५६ मिनिटांत झालं, खुर्ची ११:५४ ला मोकळी. बफरने चौदा मिनिटं गिळली, सहा उरली. बाराचा ठणकणारा पेशंट वेळेवर आत गेला. कॅप चावताना उंच लागत होती, घासून पुन्हा बसवायला सात मिनिटं जादा गेली. अक्कलदाढ १२:४७ ला सुरू, ७८ मिनिटांनी २:०५ ला संपली. जेवण पाच मिनिटं उशिरा. तीन कामं बिघडूनही सहातल्या एकाच माणसाला दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं.

ऑटोक्लेव्हही डायरीत लिहा

हे वेळापत्रकाच्या लेखांत सहसा नसतं, आणि दवाखाना इथेच अडतो. खुर्ची मोकळी, डॉक्टर मोकळे, पेशंट बाहेर बसलेला, पण आरसीटीचा सेट ऑटोक्लेव्हमध्ये.

वापरलेला सेट परत हातात यायला किती वेळ लागतो ते मोजा. धुणं, ब्रशने घासणं, वाळवणं, पाउचमध्ये भरणं, मग सायकल. १२१ अंशांवर निर्जंतुकीकरणाची मिनिटं पंधरा-वीसच असली तरी तापणं आणि वाळणं धरून छोट्या यंत्राची सायकल पाऊण तास सहज घेते. वर थंड होणं. असं करत सव्वा ते दीड तास जातो. दीड तास धरला तर नियम असा: त्या कामाचे जितके सेट आहेत, त्यापेक्षा जास्त तशी कामं स्लॉटची मिनिटं अधिक दीड तास एवढ्या कुठल्याही सलग वेळात सुरू होता कामा नयेत.

सकाळी हे क्वचितच जाणवतं. संध्याकाळी नोकरदार मंडळी येतात आणि आरसीटीच्या पुढच्या सिटिंग एकामागे एक लागतात. दोनच सेट असतील आणि ५:३०, ६:१० आणि ६:५० ला तीन आरसीटी लावल्या, तर तिसरी वेळेवर सुरू होणार नाही. पहिला सेट ६:१० ला सुटतो आणि ७:४० च्या आधी परत येत नाही. मध्ये फिलिंग किंवा स्केलिंग टाका, किंवा आणखी एक सेट घ्या. सेटची किंमत आणि रोज अर्धा तास अडणारी खुर्ची यांचा हिशेब कुठल्याही डॉक्टरला लगेच कळतो. इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह सहसा चालत नाही, त्यामुळे वीज जाण्याचा वार माहीत असेल तर त्या दिवशी सायकल सकाळीच उरकून घ्या.

उशीर आणि दांडी

"दहा मिनिटं उशीर चालेल" हा सरसकट नियम चुकीचा. तासाच्या कामात दहा मिनिटं निभावतात, वीस मिनिटांच्या कामात तो अर्धा स्लॉट असतो. मुभा स्लॉटच्या चौथ्या हिश्शाची ठेवा: साठला पंधरा, चाळीसला दहा, वीसला पाच. त्यापुढे आलेल्याला परत पाठवायची गरज नाही. उरलेल्या वेळात बसेल तेवढंच काम करायचं. फिलिंग दोन होती तर एक. आरसीटीला पंचवीस मिनिटं उशिरा आलेल्याला मात्र दुसरी वेळ द्या.

दांडीचा धोका मोठ्या स्लॉटला मोठा. साठ आणि सत्तर मिनिटांच्या पेशंटला आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत फोन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसल्या म्हणजे होकार मिळाला असं नाही. "येतोय" असं उत्तर आलं नाही तर त्या जागेवर ऐन वेळी बोलावण्याजोगी दोन छोटी कामं तयार ठेवा. जवळ राहणारे, "कधीही बोलवा, पंधरा मिनिटांत येतो" म्हणणारे पाच-सहा पेशंट प्रत्येक दवाखान्यात असतात. त्यांची नावं, काम आणि मिनिटं एका कागदावर रिसेप्शनच्या काचेखाली असू द्या.

मोठ्या जागा फुटू देऊ नका

टाके काढायला कुणी "साडेदहाला जमेल" म्हणतं, आपण देतो. साडेअकराला दुसरं कुणी आधीच लागलेलं असेल तर मग १०:०० ते १०:३० आणि १०:४० ते ११:३० असे दोन तुकडे उरतात, आणि साठ मिनिटांची आरसीटी कुठेच बसत नाही. खुर्ची रिकामी असूनही पेशंटला पुढच्या आठवड्याची तारीख मिळते.

उपाय सोपा आहे. आठवड्याच्या पानावर साठ-सत्तर मिनिटांच्या जागा पेन्सिलने आधीच आखून ठेवा, सकाळी दोन, संध्याकाळी एक-दोन. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या मोठ्या कामांसाठीच. उरल्या तर मग फोडा. छोट्या कामांना वेळ देताना आधीच भरलेल्या जागेला चिकटूनच द्या. पेशंटला "तुम्हाला कधी जमेल?" न विचारता "दहा किंवा बारा वीस, कुठली देऊ?" असं विचारा. ऑनलाइन बुकिंग ठेवायचं असेल तर त्यावर फक्त वीस मिनिटांची नवीन तपासणी उघडी ठेवा आणि तीही ठरलेल्या दोन-तीन वेळांनाच. बाकी सगळं केसपेपरवरच्या ओळीवरून दवाखान्यातूनच द्या.

महिन्यातून एकदा काय बघायचं

रोज दोन वेळा लिहा: पहिला बफर सुरू होताना किती मिनिटं उशीर होता, आणि सत्र संपताना किती. महिनाअखेर वीस-पंचवीस आकडे एकाखाली एक बघितले की रोग कुठे आहे ते दिसतं. ११:४० ला जवळपास रोज पंधरा-वीस मिनिटं उशीर असेल तर बफर वाढवू नका. कुठल्या तरी कामाचा स्लॉटच तोकडा आहे, F च्या रकान्यात तो शोधा. बरेच दिवस शून्य आणि मध्येच एखादा दिवस पंचवीस, असं असेल तर बफर आपलं काम करतोय, हात लावू नका. बफर महिनाभर मोकळाच गेला असेल तर त्यातली दहा मिनिटं काढून एक फेरतपासणी बसवा. आणि दहा दहालाच उशीर सुरू होत असेल तर उत्तर तक्त्यात नाही, डॉक्टरांच्या गाडीत आहे.

असिस्टंट बदलली, नवीन एक्स-रे सेन्सर आला किंवा आरसीटीसाठी हाताच्या फाइल्सऐवजी मोटर घेतली, की जुने आकडे बाद. पुन्हा दोन आठवडे मोजा. नवीन असिस्टंट असेल तर पहिला महिना प्रत्येक स्लॉटला दहा मिनिटं वाढवून चाला आणि मोजणी दुसऱ्या महिन्यात करा.